भेटीआधी पत्रिकांची देवाणघेवाण सुचवणारे पत्र : मजकूर पाहून द्याल का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि नोकरीनिमित्त पुण्यात असते. इचलकरंजीचे एक स्थळ आमच्या नात्यातल्या वहिनींनी सुचवले आहे. मुलाची माहिती मुलीने वाचली असून भेटायला तिची हरकत नाही. आता मुलाच्या आईंना मला पत्र लिहायचे आहे. फोनवर हा विषय काढायला मला अवघड वाटते, आणि पत्रातला शब्द मागेपुढे वाचून पाहता येतो.

दोन्ही घरे भेटण्याआधीच पत्रिका पाहून व्हाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. त्यामागे कारण आहे. दीड वर्षापूर्वी एका स्थळाकडून मंडळी आमच्याकडे येऊन गेली, मुले दोनदा बाहेर भेटली, दोघांनाही ते पसंत होते, आणि मग तीन आठवड्यांनी निरोप आला की एकनाडी आहे, योग नाही. त्या तीन आठवड्यांत मुलीने मनाने बरेच काही ठरवून टाकले होते. त्यांनी पत्रिका पाहिली याचा मला राग नाही, ती आधी पाहिली नाही याचा आहे.

मी केलेला कच्चा मजकूर खाली देते. नावे गाळली आहेत.

*॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥*
*सौ. ........ यांना सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.*
*आपल्या चिरंजीवांविषयी सौ. ........ वहिनींकडून समजले. आमची कन्या चि. सौ. कां. ........ हिच्यासाठी आम्ही स्थळे पाहत आहोत. आपल्या मुलाची पत्रिका कृपया पाठवावी. पत्रिका जुळल्यास पुढील बोलणी करता येतील व भेटीचा दिवस ठरवता येईल. आमच्या मुलीची पत्रिकाही आपणांस हवी असल्यास पाठवू. कळावे, लोभ असावा.*

हे वाचून मलाच ते कोरडे वाटते, पण नेमके कुठे खटकते आहे ते सापडत नाही.

मिरजेची मावशी

ताई, मजकूर छान आहे, फार बदलू नका. मुलीच्या नावामागे चि. सौ. कां. लिहिलेत हे योग्यच केलेत, लग्नाच्या गोष्टीत तसेच लिहायचे असते. मी एवढेच म्हणेन की मागच्या वेळची एकनाडी ही काही लहान गोष्ट नव्हती. नाडी म्हणजे रक्तगटच, आपल्या पूर्वजांनी तो दुसऱ्या नावाने सांगून ठेवला आहे. त्यामुळे त्या लोकांनी नकार दिला तो तुमच्या मुलीच्या भल्याचाच झाला, असे समजा.

पाकिटावर नाव घालण्याआधी मात्र वहिनींना एकदा विचारून घ्या. मुलाच्या आईंचे यजमान हयात नसतील आणि तुमच्या पत्रावर सौ. असेल, तर पहिल्याच ओळीला त्यांच्या जिवाला लागेल. माझ्या जावेच्या बाबतीत असे झाले होते आणि ते स्थळ तिथेच थांबले.

शाहूपुरीचा बाप

मला या सगळ्याचे वाईट वाटते. माझ्या मुलाचे लग्न आम्ही पत्रिका न पाहता केले, सहा वर्षे झाली, नात शाळेत जाते. तुम्ही पत्रिका मागूच नका. मुलामुलीला भेटू द्या, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करा, थॅलेसेमियाची तर नक्की करा, आणि बाकी सोडून द्या. मुलगी पुण्यात नोकरी करते म्हणता, तिचे मत काय आहे?

पंचगंगाकाठ

आपला हेतू चांगला आहे, पण पत्रिका पाहावी की नाही हा माझा प्रश्न नव्हता. आमच्या घरी सासूबाई आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि पत्रिका पाहिल्याशिवाय त्यांच्या मनाला स्वस्थता येणार नाही. मुलीचे म्हणणे मी तिच्याच शब्दांत सांगते : "पाहायची असेल तर आधी पाहा, मी कुणाला भेटून आल्यावर पाहू नका." म्हणून हे पत्र. तपासण्यांचे आपण सांगितलेत ते मी लक्षात ठेवते, पण ती गोष्ट पहिल्या पत्रात येणार नाही.

टिपणवही

धागा सकाळीच वाचला होता, आता निवांत लिहितो. पत्रिका करणे आणि जुळवणे हे काम मी महाद्वार रोडच्या बाजूला बसून पुष्कळ वर्षे केले आहे, त्यामुळे अशी पत्रे खूप हाताखालून गेली आहेत.

आधी मावशींच्या दोन मुद्द्यांबद्दल. सौ. की श्रीमती हे विचारून घ्या, हा सल्ला मोलाचा आहे. पण चि. सौ. कां. हे लग्न ठरल्यावर, लग्नपत्रिका छापताना लिहायचे असते. ज्या घराशी अजून बोलणेही झालेले नाही त्या घराला लिहिताना ते लावले, तर आपण लग्न गृहीत धरले असा अर्थ निघतो. येथे नुसते "चि." किंवा "कु." पुरे. आणि नाडीचा रक्तगटाशी संबंध नाही. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. सत्तावीस नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. एकाच नाडीच्या दोघांचे रक्तगट वेगळे असतात आणि एकाच रक्तगटाच्या दोघांच्या नाड्या वेगळ्या असतात, हे कुणालाही आपल्या घरातच पडताळून पाहता येईल.

आता पत्र. ते कोरडे वाटते याचे कारण त्याचा क्रम आहे. आपण आधी मागितले आहे, मग अट घातली आहे, आणि आपले देणे शेवटी "हवी असल्यास" असे ठेवले आहे. हे उलट करा. मुलीची पत्रिका पत्राच्या सोबतच जोडा आणि तसे पहिल्या परिच्छेदात लिहा. ज्याच्या हातात आधी काही दिले गेले आहे, त्याला परत मागितलेले जड जात नाही. "पत्रिका जुळल्यास पुढील बोलणी" हे वाक्य पूर्ण काढा. त्यात तुमचे घर परीक्षक होते आणि त्यांचा मुलगा परीक्षेला बसतो. त्याऐवजी दोन्ही घरांनी आपापल्या ठिकाणी पाहावे, असे लिहा.

आणखी एक विचारतो. पत्रिका जोडण्याआधी ती तपासली आहे का? मुलीची जन्मवेळ काय आहे, आणि पत्रिकेत वार, नक्षत्र आणि चरण काय लिहिले आहे? तारीख येथे देऊ नका.

पंचगंगाकाठ

जन्मवेळ रात्री १२ वाजून ४० मिनिटे. पत्रिकेत वार रविवार आहे, नक्षत्र रोहिणी, दुसरा चरण, राशी वृषभ. पत्रिका तिच्या आजोबांनी बारशाच्या आधी करून आणली होती, तेव्हापासून तीच आहे.

गडहिंग्लजची लेक

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी मुलाची आई आहे आणि गेल्या वर्षी मला असे पत्र आले होते. त्यात शब्द गोड होते, पण पत्रिका पोहोचल्यावर दोन महिने काहीच कळवले नाही. मग कळले की माझ्या मुलाच्या पत्रिकेचा आणि माहितीच्या कागदाचा फोटो कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत होता, आमच्या पत्त्यासकट. तेव्हा ताई, तुम्ही उत्तर किती दिवसांत द्याल ते पत्रात लिहा, आणि पत्रिका आपल्याकडेच राहील हेही लिहा. पत्रिकेच्या प्रतीवर पत्ता आणि फोन नंबर घालायची गरजच नसते. जन्मतारीख, वेळ आणि गाव एवढ्यावर काम होते.

दुसरे असे की आमच्याकडे पत्रिकेच्याही आधी देवक विचारतात. आमचे पंचपल्लव आहे, समोरच्यांचेही तेच निघाले तर छत्तीस गुण जमले तरी लग्न होत नाही. तुमच्याकडे ते पाहत असतील तर पहिल्याच पत्रात लिहून टाका.

टिपणवही

देवकाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. मराठा घरांत देवक आणि कुळी, ब्राह्मण घरांत गोत्र, हे आधी पाहिले की पुढचे श्रम वाचतात. ही माहिती मुलीच्या कागदावरच असावी, म्हणजे समोरच्यांना ती वेगळी विचारावी लागत नाही आणि आपल्यालाही विचारावी लागत नाही.

पंचगंगाकाठ ताई, तुमच्या उत्तरातला रविवार मला खटकतो. घरी सगळे त्या रात्रीला कुठल्या वाराची रात्र म्हणतात? आणि शाळेच्या दाखल्यावर जी तारीख आहे, तिचा वार कोणता येतो ते जुन्या कॅलेंडरवर पाहून सांगा.

पंचगंगाकाठ

घरी आम्ही सोमवारची रात्रच म्हणतो, मला चांगले आठवते, सोमवारी संध्याकाळी मला दवाखान्यात नेले. दाखल्यावरच्या तारखेला मंगळवार येतो. वाढदिवसही आम्ही त्याच तारखेला करतो. पत्रिकेवर मात्र आदल्या दिवसाची तारीख आहे, हे मी आज पहिल्यांदा पाहिले. माझे हात कापत आहेत.

टिपणवही

घाबरू नका. ही चूक फार घरांत झालेली असते, आणि ती कशी होते ते सांगतो.

मुलगी सोमवारची रात्र उलटून १२:४० ला झाली, म्हणजे इंग्रजी तारखेने मंगळवार लागला होता. आजोबांनी सकाळी जाऊन सांगितले असणार, "काल सोमवारी रात्री बारा चाळीसला." करणाऱ्याने सोमवारची तारीख आणि रात्रीचे १२:४० असे धरले. त्या तारखेचे १२:४० म्हणजे रविवारची रात्र संपता संपता. पत्रिका पूर्ण चोवीस तास मागची झाली.

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे मध्यरात्रीनंतर आणि सूर्योदयाआधी जन्म असेल, तर बरोबर पत्रिकेत वार हा इंग्रजी तारखेच्या वाराच्या एक दिवस मागचा येतो. तुमच्या मुलीच्या पत्रिकेत तारीख मंगळवारची आणि वार सोमवार असायला हवा होता. मध्यरात्रीनंतरच्या जन्मात ही चूक फार होते, म्हणून मला शंका आली आणि घरी म्हणतात तो वार मी विचारला, कारण आईला आपल्या बाळंतपणाचा वार सहसा चुकत नाही.

आता ही चूक इतकी वर्षे कुणाला का दिसली नाही? घड्याळातली वेळ तीच असल्यामुळे पत्रिकेतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण तेच राहते, एका दिवसात ते जेमतेम एका अंशाने सरकते. बाकीचे ग्रहही एका दिवसात फारसे हलत नाहीत. चंद्र हलतो, पण तो साधारण तेरा अंश, म्हणजे जवळपास एक नक्षत्र. रोहिणीच्या दुसऱ्या चरणातून तो मृगाच्या दुसऱ्या चरणाच्या आसपास येईल, आणि मृगाचे पहिले दोन चरण वृषभ राशीतच आहेत. म्हणजे कुंडलीची चौकट दोन्ही वेळा हुबेहूब सारखी. मंगळही त्याच घरात. फरक पडला तो फक्त नक्षत्रात. नक्की चरण कोणता, हे त्या दिवसाचे पंचांग पाहूनच सांगता येईल, मी येथे अंदाज देतो आहे.

मागच्या स्थळाच्या मुलाचे नक्षत्र आठवते का?

पंचगंगाकाठ

रेवती. तो शब्द मी विसरणार नाही.

टिपणवही

मग हे समजून घ्या. रेवती अंत्य नाडीचे आणि रोहिणीही अंत्य नाडीचे. म्हणून एकनाडी, नाडीच्या आठ गुणांपैकी शून्य. मृग मात्र मध्य नाडीचे आहे, म्हणून आठांपैकी आठ. बाकी काय बदलते? वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि राशिकूट राशीवरून पाहतात, आणि राशी वृषभच राहिली, तेव्हा ते चारही जसेच्या तसे. योनी रोहिणी आणि मृग दोघांचीही सर्प. तारेचे गुण मोजून पाहिले, तेही दोन्हीकडे दीडच येतात. गण मनुष्याचा देव होतो, त्यात फार तर एखाद्या गुणाचा फरक. म्हणजे चुकीच्या पत्रिकेवर अठरा-वीसच्या घरात गुण आणि वर एकनाडी, आणि बरोबर पत्रिकेवर सत्तावीसच्या आसपास. सगळा फरक त्या एका तारखेचा.

हेही सांगतो की रोहिणी-रेवतीची एकनाडी सगळेच मानतात असे नाही. काही जुन्या वचनांत ही दोन्ही नक्षत्रे नाडीदोषातून वगळलेली आहेत. मी स्वतः तो अपवाद मानतो, माझ्या ओळखीचे दोघे जाणकार मानत नाहीत, आणि आमचे यावर कधी एकमत झाले नाही.

मिरजेची मावशी

मी वर जे लिहिले की नकार भल्याचाच झाला, ते मागे घेते. ताई, मला क्षमा करा. आता त्या लोकांना कळवायचे का? मला वाटते, कळवावे.

गडहिंग्लजची लेक

नको. दीड वर्ष झाले, त्या मुलाचे कदाचित कुठे ठरलेही असेल. त्या घराला आता हे कळवून काय साधणार?

शाहूपुरीचा बाप

हे मुलीला विचारा. इतर कुणीच ठरवू नये.

पंचगंगाकाठ

मुलीला काल रात्री फोनवर सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नवी पत्रिका कर, आणि जुनी फाडू नकोस." मागच्या स्थळाबद्दल तिने काहीच सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दवाखान्याचा घरी सोडतानाचा कागद कपाटात मिळाला. त्यावर दाखल्याचीच तारीख आहे आणि वेळ ००:४० अशी लिहिली आहे. जन्मदाखल्यावर वेळ नसतेच, म्हणून हा कागद मिळाला नसता तर नुसत्या आठवणीवर काम चालले असते. आज दुसरीकडे जाऊन पत्रिका करून आणली. वार सोमवार, नक्षत्र मृग, दुसरा चरण.

पत्र पुन्हा लिहिले आहे.

*॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥*
*सौ. ........ यांना सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.*
*सौ. ........ वहिनींनी आपल्या घराविषयी आणि आपल्या चिरंजीवांविषयी आपुलकीने सांगितले. आमची मुलगी चि. ........ हिची माहिती आणि पत्रिका या पत्रासोबत जोडली आहे. कुळी व देवक माहितीत लिहिले आहे. तिचा जन्म मध्यरात्रीनंतर रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी झाला असल्यामुळे पत्रिकेत वार सोमवार आणि तारीख मंगळवारची आहे. ती दवाखान्याच्या नोंदीवरून पडताळून घेतली आहे.*
*आपल्या घरी पत्रिका पाहण्याची रीत असल्यास, दोन्ही घरांनी भेटीआधी आपापल्या ठिकाणी त्या पाहून घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे. मुले एकमेकांना भेटल्यानंतर हा विषय निघू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. आपण चिरंजीवांची जन्मतारीख, वेळ आणि जन्मगाव कळवले तरी पुरेसे होईल. ती माहिती आमच्या घराबाहेर जाणार नाही आणि मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आम्ही आपणांस अवश्य कळवू. कोणत्याही बाजूस योग वाटला नाही, तर कारण न लिहिता तेवढेच कळवावे, त्याने मनात किल्मिष राहणार नाही.*
*आपल्याकडे अशी रीत नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे.*
*घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.*

टिपणवही

आता हे पत्र उभे राहिले. जन्मवेळेचे वाक्य मुद्दाम तसेच ठेवा. समोरचा जाणकार तारीख आणि वार यांचा मेळ न बसल्यामुळे तुमचीच पत्रिका चुकीची समजू शकतो, ते टळेल. शेवटच्या वाक्याचा मात्र विचार करा. त्यांनी खरोखरच "आम्ही पाहत नाही" असे लिहिले, तर तुम्ही काय करणार? सासूबाईंशी ते आधी बोलून ठेवा, नाहीतर त्या वाक्याला अर्थ राहणार नाही.

गडहिंग्लजची लेक

असे पत्र मला आले असते तर मी दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिले असते. फक्त अमावस्येच्या आत पाठवा, काही घरांत अमावस्येला आलेला असा कागद बाजूला ठेवून देतात.

पंचगंगाकाठ

सासूबाईंना पत्र वाचून दाखवले. शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी दोनदा थांबवले, मग म्हणाल्या, मुलाची तारीख मिळाली नाही तर मी देवापुढे कौल लावीन, तू वाक्य ठेव. शुक्रवारी वहिनींच्या हातून पत्र पाठवले.

आज उत्तर आले, त्याच पद्धतीने, हाताने लिहिलेले. रीत आहे म्हणतात, देवक वेगळे आहे. मुलाची तारीख आणि गाव दिले आहे, पण वेळ "सूर्योदयाच्या सुमारास, नोंद नाही" अशी आहे. एवढ्यावर पाहता येते का?

टिपणवही

गुण पाहता येतील. त्या सकाळी चंद्र नक्षत्र बदलत नसेल, तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे मंगळ मात्र लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात पाहतात, म्हणजे लग्न ठाऊक हवे. सूर्योदयाला सूर्याची रास हेच लग्न असते. सूर्य राशीच्या मध्यावर असेल तर अर्ध्या तासाने फरक पडणार नाही, पण शेवटच्या दोन-तीन अंशांत असेल तर दहा-बारा मिनिटांतच पुढचे लग्न लागते आणि मंगळाचे घर बदलते. त्या दिवशीचा सूर्याचा अंश आधी काढा. तो शेवटाकडे निघाला तर मंगळाबद्दल हो किंवा नाही, काहीच ठाम सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पंचगंगाकाठ

उद्या सकाळी दाते पंचांगाच्या जुन्या अंकासाठी विचारते. त्यांनी पत्राच्या खाली एक ओळ लिहिली आहे, ती मुलीलाही वाचून दाखवली : "वेळ नक्की नाही हे आधीच सांगतो, नंतर आपला गैरसमज नको."